सभा तीव्र दुःख व्यक्त करीत आहे

गृहनिर्माण संस्था असो, पतसंस्था असो की गावातले सार्वजनिक वाचनालय, तिथली जुनी इतिवृत्तवही उघडली की ठराव क्रमांक १ बहुधा एकाच चालीचा सापडतो. ‘संस्थेचे ज्येष्ठ सभासद कै. अमुक अमुक यांच्या दुःखद निधनाबद्दल ही सभा तीव्र दुःख व्यक्त करीत आहे. त्यांच्या जाण्याने संस्थेची कधीही भरून न येणारी हानी झाली आहे. मृतात्म्यास चिरशांती लाभो. ठरावाची प्रत त्यांच्या कुटुंबीयांकडे पाठविण्यात यावी.’ खाली एक ओळ असते : ‘सर्व सभासदांनी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून ठराव मंजूर केला.’ बाकीच्या ठरावांखाली सूचक आणि अनुमोदक असतात. इथे मात्र ‘अध्यक्षस्थानावरून’ एवढेच. या ठरावावर चर्चा नाही, उपसूचना नाही, मतदानही नाही.

ठराव म्हणजे खरे तर निर्णय. रंगकाम कोणाला द्यायचे, वर्गणी किती वाढवायची, हे ठरवायला ठराव लागतो. दुःख हा काही निर्णयाचा विषय नव्हे. मग ते ठरावात कसे आले? चिरशांतीची प्रार्थना आपल्याकडची आहे, पण भोवतालचा सांगाडा सभाशास्त्रातला आहे, आणि सभाशास्त्र आपण इंग्रजी अमदानीत उचलले. त्या सांगाड्याचे सांधे वेगवेगळ्या काळी जोडले गेले. गंमत अशी की सुरुवातीच्या काळात असा ठराव करणाऱ्याला खरोखरच काही तरी करावे लागत असे.

ऑक्टोबर १७७५ मधली गोष्ट. ब्रिटिशांशी भांडण जुंपलेल्या अमेरिकी वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले होते. त्यांच्या पहिल्या बैठकीचा अध्यक्ष राहिलेला व्हर्जिनियाचा पेटन रँडॉल्फ २२ तारखेला तिथेच वारला. दुसऱ्या दिवशी सभेने ठरवले की सर्व सदस्यांनी डाव्या दंडाला काळी पट्टी बांधून अंत्ययात्रेला जायचे आणि पुढे महिनाभर सुतक पाळायचे. म्हणजे हा ठराव बाकीच्या ठरावांसारखाच होता. कोणी, काय आणि किती दिवस करायचे, हे त्यात स्पष्ट होते. दुःखाची भाषा थोडी आणि अंमलबजावणीचा भाग मोठा. पुढे अमेरिकी प्रतिनिधिगृहात या प्रकाराला तीन कलमांचे ठरीव रूप आले. सदस्याच्या मृत्यूची वार्ता सभागृहाने अत्यंत दुःखाने ऐकली आहे, हे पहिले कलम. ठराव दुसऱ्या सभागृहाला कळवावा आणि त्याची प्रत मृताच्या कुटुंबाला पाठवावी, हे दुसरे. आदराची आणखी एक खूण म्हणून सभागृह आता तहकूब व्हावे, हे तिसरे. आपल्या इतिवृत्तवहीतला मजकूर याच्या शेजारी ठेवला तर नाते लगेच दिसते. पहिले कलम आणि दुसऱ्यातली प्रत आपल्याकडे शाबूत आहेत. तिसऱ्याचे पुढे काय झाले ते बघूच.

या प्रथेतली खरी अडचण लवकरच उघडी पडली. १७ एप्रिल १७९० रोजी बेंजामिन फ्रँकलिन वारला. मॅडिसनने प्रतिनिधिगृहात महिनाभर सुतक पाळण्याचा प्रस्ताव मांडला आणि तो मंजूर झाला. सिनेटमध्ये मात्र तशाच प्रस्तावाला विरोध झाला आणि तो मागे घ्यावा लागला. सरकारी अधिकाऱ्यांनीही सुतक पाळावे असे जेफरसनने सुचवले, तर राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनने नकार दिला. जेफरसनने पुढे एका पत्रात त्याचे कारण नोंदवून ठेवले आहे. एकदा हा विधी सुरू केला की रेघ कुठे ओढायची हे आपल्याला कळणार नाही, असे वॉशिंग्टनचे म्हणणे होते. तिकडे फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने, मिराबोच्या सूचनेवरून, त्याच फ्रँकलिनसाठी जूनमध्ये तीन दिवसांचे सुतक मंजूर केले. माणूस एकच, पण एका सभागृहाने एक महिना दिला, दुसऱ्याने काहीच नाही आणि समुद्रापलीकडच्या तिसऱ्याने तीन दिवस.

वॉशिंग्टन कोरडा माणूस होता म्हणून असे बोलला, असे मला वाटत नाही. संस्था चालवणाऱ्या कोणालाही त्याची अडचण समजेल. दुःखाला माप आले की माणसामाणसांत तुलना आलीच. यांच्यासाठी सभा तहकूब केलीत, आमच्या वडिलांसाठी का नाही? ठरीव शब्दांवर आपण हसतो, पण हे शब्द ठरीव राहिले याचे एक कारण हेच असावे. ‘कधीही न भरून येणारी हानी’ माजी अध्यक्षाच्या जाण्यानेही होते आणि कधी सभेत तोंड न उघडलेल्या तळमजल्यावरच्या सभासदाच्या जाण्यानेही होते. मजकूर एकच ठेवला की रेघ ओढावी लागत नाही.

उभे राहून मौन पाळणे हा सांध्यांतला सर्वांत अलीकडचा. १३ फेब्रुवारी १९१२ रोजी पोर्तुगालच्या सिनेटने, तीन दिवसांपूर्वी वारलेल्या ब्राझीलच्या परराष्ट्रमंत्र्यासाठी, रिओ ब्रँकोच्या बॅरनसाठी, १० मिनिटे मौन पाळले. त्या दिवशीच्या कामकाजात तशी नोंद आहे. जगभर हे पसरले ते मात्र पहिल्या महायुद्धानंतर. ११ नोव्हेंबर १९१९ रोजी, युद्धबंदीला एक वर्ष झाले तेव्हा, सकाळी ११ वाजता साऱ्या साम्राज्यात दोन मिनिटे काम थांबवावे असे पंचम जॉर्जने आवाहन केले. आपल्या इतिवृत्तातली ‘दोन मिनिटे’ त्याच घराण्यातली वाटतात. ३० जानेवारीला हुतात्म्यांसाठी ११ वाजता जे मौन पाळतात तेही दोन मिनिटांचेच. लोकसभेत अध्यक्ष मात्र सदस्यांना ‘थोडा वेळ’ मौन उभे राहायला सांगतात आणि आकड्याच्या फंदात पडत नाहीत. ते शहाणपणाचे आहे, कारण संस्थांच्या सभेत ही दोन मिनिटे घड्याळ लावून कोणी मोजत नाही. साधारण पाऊण मिनिटात खुर्च्या वाजू लागतात आणि अध्यक्ष ‘धन्यवाद’ म्हणतात. वहीत नोंद दोन मिनिटांचीच होते.

या ठरावावर चर्चा होऊ देत नाहीत, कारण चर्चा झाली की काय होते ते १९३१च्या कराची काँग्रेसने दाखवले. भगतसिंग, सुखदेव आणि खेडचे शिवराम हरी राजगुरू यांना २३ मार्चला फाशी झाली होती आणि आठवड्याच्या आत अधिवेशन भरले. हे तिघे काही त्या सभेचे सभासद नव्हते, पण ठराव त्याच जातीचा होता, म्हणजे शौर्याची नोंद आणि कुटुंबांच्या दुःखात सहभाग. मसुदा गांधीजींचा, मांडणारे जवाहरलाल नेहरू आणि अनुमोदक मदनमोहन मालवीय. खटका उडाला तो सुरुवातीच्या शब्दांवर. राजकीय हिंसेशी आपला संबंध नाही आणि ती आपल्याला मान्य नाही, असे आधी म्हणून मग तिघांच्या शौर्याचा व त्यागाचा गौरव केला होता. तो सुरुवातीचा भाग गाळावा अशी उपसूचना आली. ती फेटाळली गेली आणि ठराव मूळ रूपातच मंजूर झाला. श्रद्धांजलीच्या वाक्यात ‘पण’ आला की ते निवाड्याचे वाक्य होते, आणि निवाडा म्हटला की दोन बाजू आल्याच. साध्या संस्थेत सूचक, अनुमोदक आणि मत हे तिन्ही टाळून ठराव अध्यक्षाच्या तोंडून वदवतात, त्यामागे हीच खबरदारी आहे.

आता तिसरे कलम, तहकुबी. आपल्या कायदेमंडळांनी ते टिकवले आहे. विद्यमान सदस्य गेला तर त्या दिवसाचे काम थांबवण्याचा प्रघात आहे. ४ जून २०१४ रोजी सोळावी लोकसभा पहिल्यांदा भरली तेव्हा बीडमधून निवडून आलेले गोपीनाथ मुंडे आदल्या दिवशीच गेलेले होते. हंगामी अध्यक्ष कमलनाथ यांनी त्यांच्या निधनाचा उल्लेख केला, सदस्य मौन उभे राहिले आणि शपथविधी सुरू होण्याआधीच सभागृह तहकूब झाले.

तीन वर्षांनी हाच प्रघात कसाला लागला. ३१ जानेवारी २०१७ रोजी केरळचे खासदार ई. अहमद संसदेत राष्ट्रपतींच्या अभिभाषणाच्या वेळी कोसळले आणि रात्री उशिरा त्यांचे निधन झाले. सकाळी अर्थसंकल्प मांडायचा होता. तो एक दिवस पुढे ढकला, असे विरोधकांचे म्हणणे होते. मूळच्या चिपळूणच्या असलेल्या अध्यक्ष सुमित्रा महाजन यांनी निधनाचा उल्लेख केला, सभागृहाने मौन पाळले आणि मग अर्थमंत्री अरुण जेटली अर्थसंकल्प मांडायला उभे राहिले. तहकुबी दुसऱ्या दिवशी देण्यात आली. रँडॉल्फच्या वेळी सुरू झालेला प्रश्न २४१ वर्षांनी तसाच समोर होता, की गेलेल्या सहकाऱ्यासाठी सभेने स्वतःचे किती काम थांबवायचे.

संस्थांना हा खर्च परवडत नाही. वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत घ्यावी लागते. नोटीस गेलेली असते, गणपूर्ती कशीबशी जमलेली असते. त्या दिवशी सभा तहकूब केली तर माणसे पुन्हा जमवायची कोणी? म्हणून तहकुबी गळून पडली आणि तिची जागा मौनाने घेतली. महापालिकांत ती आहे, पण तिथे तिला दुसरेच काम लागले आहे. कार्यपत्रिकेवर करवाढ किंवा एखादे अडचणीचे कंत्राट असले की श्रद्धांजली वाहून सभा तहकूब होते, आणि त्याला विरोध करायला कोणाची जीभ उचलत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. तहकुबीचा प्रस्ताव वाचताना पुढची तारीख सांगितली जाते का, आणि ज्यांच्यासाठी सभा थांबली त्यांचा त्या शहराशी काय संबंध, एवढे पाहावे.

कुठल्याही सचिवावर हा मसुदा लिहिण्याची पाळी येतेच. त्यात चुकतात त्या बहुधा तीन जागा. नाव सभासद नोंदवहीतून पूर्ण घ्यावे, कारण सगळे ज्यांना ‘नाना’ म्हणत त्यांचे वहीतले नाव सचिवालाही माहीत नसते. निधनाची तारीख घरी विचारून घालावी. आणि वर्षभरात गेलेल्या सगळ्यांची यादी सभेआधी दोघांनी तपासावी. एखादे नाव सुटले तर ती रेघ नकळत ओढली जाते, म्हणून अहवालात शेवटी ‘ज्ञात-अज्ञात दिवंगत सभासद’ असे शब्द घालायची रीत पडली आहे. दिवंगताच्या कामाबद्दल एखादे खरे वाक्य घालता आले तर घालावे, उदाहरणार्थ पाण्याच्या टाकीचे काम त्यांच्या देखरेखीखाली झाले, असे. विशेषणांपेक्षा घरच्यांना ते वाक्य जवळचे वाटते.

प्रत पाठवताना अनुभवी सचिव पाकिटावर मुलाचे किंवा सुनेचे नाव लिहीत नाहीत, ‘कै. अमुक यांचे कुटुंबीय’ एवढेच लिहितात. सदनिका कोणाच्या नावावर व्हायची हे अजून ठरायचे असते. त्यासाठी मृत्यूचा दाखला, नामनिर्देशन आणि वारसांची कागदपत्रे लागतात. संस्थेने एका भावाच्या नावे पाकीट पाठवले की दुसरा भाऊ ते पाकीट घेऊन कार्यालयात येतो आणि विचारतो, हे ठरले कधी?