प्रिस्क्रिप्शनचा फोटो गेला, तर सलाईनचे थेंब कसे ठरवावेत?

पिंपळनेरसारख्या गावात रात्रपाळीला मोबाईलमधला प्रिस्क्रिप्शनचा फोटो उडाला, तर आठवणीवरून हिशोब करू नका. केसपेपर पाहा, तो नसेल तर ड्युटीवरच्या सिस्टरना सांगा. त्या डॉक्टरांना फोन करून ऑर्डर लिहून घेतील आणि ती डॉक्टरांना पुन्हा वाचून दाखवतील.

समजा ऑर्डर आहे: 500 मिली सलाईन, 4 तासांत. सेटच्या पाकिटावर 1 मिलीला 20 थेंब असे छापले आहे.

500 × 20 ÷ 240 = 41.7

म्हणजे मिनिटाला 42 थेंब. मायक्रो सेटमध्ये 1 मिलीला 60 थेंब पडतात. चुकून तो लावून 42च ठेवले, तर बाटली जवळपास 12 तास चालेल.

तासाभरात 125 मिली उतरले नसेल, तर नळी दुमडली आहे का, सुईजवळ सूज आहे का ते पाहा. राहिलेले भरून काढायला स्वतःहून थेंब वाढवू नका.