धिरडे

तव्यावर सैलसर पीठ पसरून दोन्ही बाजूंनी भाजलेला पदार्थ. घावन आणि आंबोळी ही त्याची कोकणातली भावंडे. पुण्यातल्या घरांत बेसनाचे तिखट धिरडे आणि कणीक-गुळाचे गोड धिरडे, दोन्ही होतात. तव्याचा ताप कळतो तो गोड धिरड्यावर, कारण गूळ पटकन करपतो.

गोड धिरड्यासाठी एक वाटी कणीक, दोन चमचे तांदळाची पिठी आणि चिमूटभर मीठ घेतात. अर्धी वाटी गूळ साधारण वाटीभर पाण्यात विरघळवून, गाळून त्यात मिसळतात. पीठ पंधरा-वीस मिनिटे झाकून ठेवावे. तेवढ्यात कणीक पाणी पिते आणि पीठ दाटते; मग चमचा-दोन चमचे पाणी घालून ते पळीतून सलग पडेल इतके सैल करावे.

पहिले धिरडे बहुधा बिघडते. दोष पिठाला दिला जातो, पण तो बहुतेकदा तव्याचा असतो. बिडाचा जाड तवा सावकाश तापतो. मध्यभाग तापला तरी कडा थंडच असतात, त्यामुळे धिरडे मधे करपते आणि कडेला चिकटते. त्यातून तवा रोजच्या पोळ्यांचा असला तर अडचण वाढते. पोळीचा तवा कोरडा असतो, त्यावर जळकी पिठी बसलेली असते आणि तेलाचा मुरलेला थर नसतो. धिरड्याचा तवा वेगळा ठेवण्याची जुन्या घरांतली पद्धत म्हणूनच शहाणपणाची. तवा मध्यम आचेवर पाच-सात मिनिटे तापू द्यावा आणि अर्ध्या चिरलेल्या कांद्याने त्यावर तेलाचा पातळ हात फिरवावा. तेल साचले तर पीठ घसरते, नीट पसरत नाही.

तेल लावण्याआधी तव्यावर पाण्याचा शिपका मारून पाहावा. थेंब नुसता बसून राहिला तर तवा थंड आहे. चर्र होऊन लगेच आटला तर ताप योग्य. थेंबाची गोळी होऊन ती तव्यावर पळू लागली तर ताप जास्त झाला: थेंबाखाली वाफेचा थर तयार होऊन तो अधांतरी राहतो. अशा तव्यावर पीठ पडल्या जागीच थिजते. तेव्हा आच कमी करून थोडे थांबावे.

पीठ पसरल्यावर खालच्या पाण्याची वाफ होते आणि बुडबुडे वर येतात. सुरुवातीला फुटलेल्या बुडबुड्याचे भोक ओल्या पिठाने भरून निघते. ही उलटायची वेळ नव्हे. उष्णता वर पोचली की पिठातला स्टार्च फुगून घट्ट होतो आणि भोके उघडी राहतात. हीच जाळी. जाळी पडली, वरची ओली चकाकी गेली आणि कड सुटली की उलथने घालावे. मात्र जाळी वरच्या अंगाची खबर देते, खालचा रंग सांगत नाही. आच मोठी असेल तर जाळी पडेपर्यंत खाली गूळ जळलेला असतो, म्हणून कड उचलून पाहावे. बेसनाच्या धिरड्याला जाळी कमी पडते. तिथे रंग आणि सुटलेली कड हीच खूण.

दुसऱ्या बाजूला पहिलीच्या निम्मा वेळ पुरतो.