अंथरूण नेमकं कुणाचं?

गाथासप्तशतीतली एक गाथा संस्कृत काव्यशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याला कधी ना कधी भेटते. प्रसंग साधा आहे. घरात मुक्कामाला आलेल्या वाटसरूला कुणीतरी झोपण्याच्या जागा दाखवतंय. घरातली वडीलधारी बाई इथे निजते, इथे मी. अजून उजेड आहे तोवर नीट पाहून ठेव. तुला रात्रीचं दिसत नाही, तेव्हा चुकून अंथरुणावर येऊन पडू नकोस. गाथा इथेच संपते. बोलणारं कोण, ऐकणारं आणखी कोण आहे, यापैकी काहीही गाथा सांगत नाही.

हा मोकळेपणा काही अंशी छंदातून येतो. गाथेच्या पहिल्या अर्ध्यात तीस मात्रा, दुसऱ्यात सत्तावीस. एवढ्या जागेत ‘अशी एक तरुणी म्हणाली’ हे सांगायला वाव नसतो. त्यात महाराष्ट्री प्राकृतात क्रियापदाच्या रूपावरून कर्त्याचा पुरुष आणि वचन कळतं, लिंग कळत नाही. मराठीत ‘मी निजते’ म्हणताच बाई उभी राहते. प्राकृतात नुसतं ‘अहं’ म्हटलं की ते कुणाचंही असू शकतं. या गाथेत तर ‘मी’ला स्वतःचं क्रियापदही नाही. ‘निजते’ हे तृतीय पुरुषाचं रूप वडीलधाऱ्या बाईला दिलेलं आहे. ‘मी’पुढची जागा रिकामी आहे आणि ती ऐकणाऱ्यानेच भरायची आहे. निश्चित आहे ते एवढंच, की ऐकणारा वाटसरू पुरुष आहे, कारण त्याला मारलेल्या हाका पुल्लिंगी आहेत.

मग बोलणारी तरुण सून आहे, हे आपल्याला कुठून कळलं? एक धागा ‘अत्ता’ या शब्दात आहे. टीकाकार त्याचा अर्थ ‘श्वश्रू’, म्हणजे सासू, असा देतात. पण हा देशी शब्द एका अर्थाचा नाही. हेमचंद्राच्या देशीनाममालेत त्याचे आई, आत्या आणि सासू असे अर्थ एकत्र दिलेले आहेत. कन्नडमध्ये ‘अत्ते’ आजही आत्याही असते आणि सासूही. म्हणजे ‘अत्ता’ आई धरली, तर बोलणारा त्या घरचा मुलगा असू शकतो आणि गाथा ही पाहुण्याला दिलेली साधी सूचना ठरते. व्याकरण या वाचनाला अडवत नाही.

त्याला अडवतात ते शब्द. ज्याला दिसत नाही, त्याला दिवसाउजेडी जागा नीट पाहून घ्यायला सांगणं व्यवहाराला धरून आहे. पण रातांधळेपणाचा उल्लेख करतंय कोण, हे पाहायला हवं. वाटसरूच्या तोंडी गाथेत एक शब्दही नाही. तो खरोखर रातांधळा आहे, की बोलणाऱ्याने त्याच्यावर ती सबब चढवली आहे? मुलगा बोलतोय असं मानलं तर हा तपशील निव्वळ आजाराची माहिती होते. सून बोलते आहे असं मानलं, की तोच तपशील रात्री अंधारात ‘चुकणाऱ्याला’ आधीच तयार करून दिलेला बचाव होतो. जागा दाखवणं हा नकाशा होतो. नवऱ्याच्या अंथरुणाचा उल्लेख नसणंही आता बोलू लागतं: तो घरी नाही. कर्ता ठरवायची ही एक पद्धत आहे. एकेक शक्यता घेऊन पाहायची आणि कुठल्या शक्यतेत सर्वात कमी शब्द रिकामे राहतात ते बघायचं. तिच्यातून पुरावा मिळत नाही, कल मिळतो.

नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त ही गाथा घेतली ती याच कारणासाठी. वाच्य अर्थ ‘येऊ नकोस’ असा निषेधाचा, सूचित अर्थ ‘ये’ असा आमंत्रणाचा. पण खरी बारीक गोष्ट सुमारे दीडशे वर्षांनी अभिनवगुप्ताने ‘लोचन’ टीकेत केली. त्याने बोट ठेवलं ते ‘मह’ या एका सर्वनामावर.

‘मह’ म्हणजे सरळ पाहिलं तर ‘माझ्या’. त्याचाच भाऊबंद ‘मज्झ’ आपल्या ‘माझा’मध्ये उरला आहे. मग गाथेचा शेवट ‘माझ्या अंथरुणावर पडू नकोस’ असा होतो. अभिनवगुप्त म्हणतो, तसं नाही. हा अनेक अर्थांनी चालणारा निपात आहे आणि इथे त्याचा अर्थ ‘आम्हा दोघींच्या’ असा आहे. कारण ती फक्त ‘माझ्या’ म्हणाली, तर ऐकणाऱ्या सासूला लगेच शंका येईल. दोघींच्या अंथरुणांबद्दल बोलली तर सुनेची ही काळजी घरंदाज वाटते, आणि वाटसरूला कळायचं ते कळतंच.

व्याकरणाच्या बाजूने हा अर्थ ओढूनताणून आणलेला आहे. प्राकृतात ‘आमच्या’साठी ‘अम्ह’सारखी वेगळी रूपं होती. शिवाय प्राकृताने द्विवचन केव्हाच सोडलं होतं. ‘आम्हा दोघींच्या’ ही छटा संस्कृतात विचार करणाऱ्याला सहज सुचते, कारण छाया लिहिताना त्याला ‘मम’ आणि ‘आवयोः’ यांतून एक निवडावंच लागतं. मात्र अभिनवगुप्ताचा आधार व्याकरण नाही, तर खोलीतलं तिसरं माणूस आहे. सासू जवळच आहे आणि ऐकते आहे, असं गाथेत कुठेही लिहिलेलं नाही. ते त्याने धरलं, आणि मग सर्वनामाचा अर्थ त्या गृहीताला जुळवून घेतला.

हे गृहीत किती नाजूक आहे, ते पाठभेदावरून दिसतं. गाथासप्तशतीच्या प्रचलित पाठात ‘दिवसा पाहून ठेव’ हा भाग नाही. त्याऐवजी तिथे तिसरी जागा येते: इथे अत्ता, इथे मी, इथे सगळा परिजन. आता घर भरलेलं आहे. ‘आम्हा दोघींच्या’ असं म्हणायला दोघीच उरत नाहीत. एक तर ‘मह’ म्हणजे ‘आम्हा सगळ्यांच्या’ घ्यावं लागतं, नाहीतर सरळ ‘माझ्या’. आणि ‘माझ्या’ घेतलं, तर एवढ्या सगळ्यांच्या जागा दाखवून नेमकी एकच टाळायला सांगितली जाते. शंका येऊ नये म्हणून अभिनवगुप्ताने जे टाळलं, तेच इथे उघड्यावर येतं. धिटाई वाढते, किंवा मग बोलणारी खरोखरच वाटसरूला दूर ठेवते आहे. इतके लोक झोपलेल्या घरात तेही अशक्य नाही.

म्हणजे अभिनवगुप्ताचा निर्णय त्याच्यासमोरच्या पाठासाठी नेटका आहे, प्रचलित पाठावर तो तसाच लादता येत नाही. कोण बोलतं हे ठरवण्याआधी, कुठला पाठ वाचतो आहोत हे ठरवावं लागतं.

मराठीत ही गाथा आणणाऱ्यापुढे हाच पेच वेगळ्या रूपात येतो. ‘मी’पुढे ‘निजते’ लिहिलं की मुलाची शक्यता संपते. म्हणून क्रियापद गाळून नुसतं ‘इथे मी’ ठेवणं अधिक प्रामाणिक. सर्वनामाच्या बाबतीत मात्र मराठी थोडी उदार आहे. ‘आमच्या’ हा शब्द आपल्याकडे अनेकांसाठी चालतो आणि एकट्यासाठीही; घरातली बाई स्वतःपुरतं बोलतानाही सहज ‘आमच्याकडे’ म्हणते. ‘आमच्या अंथरुणावर पडशील हो’ असं म्हटलं, तर सासूला ते दोघींचं वाटेल आणि वाटसरूला एकीचं. अभिनवगुप्ताला ‘मह’कडून जे काम करून घ्यायचं होतं, ते मराठीतला हा साधा शब्द कुठलीही ओढाताण न करता करतो.