लिंडबर्गची ‘वाकडी’ सरळ वाट
१/ २० मे १९२७ रोजी चार्ल्स लिंडबर्ग न्यूयॉर्कहून एकटाच पॅरिसकडे झेपावला. पॅरिस नकाशावर पूर्वेस, किंचित वर दिसते; त्याने मात्र विमान ईशान्येकडे, न्यू फाउंडलंडच्या रोखाने नेले.

२/ गोलावरची सर्वांत जवळची वाट बृहद्वृत्तावरून जाते, म्हणजे पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावरून. हे वर्तुळ एकेका रेखावृत्ताला निराळ्या कोनात छेदते. म्हणून लिंडबर्गने मार्गाचे शंभर-शंभर मैलांचे तुकडे पाडून प्रत्येकासाठी होकायंत्राची दिशा आधीच काढून ठेवली होती.

३/ हीच दोन शहरे रेखावृत्तांनी उत्तर ध्रुवाशी जोडली, तर त्रिकोणाचे कोन असे येतात: ध्रुवाशी सुमारे ७६°, न्यूयॉर्कपाशी ५४°, पॅरिसपाशी ६८°. बेरीज १९८°!

४/ हे जादा १८° आले कुठून? ध्रुवावरून निघालेली कोणतीही दोन रेखावृत्ते विषुववृत्ताला काटकोनातच भेटतात. तिथेच १८०° पुरे होतात. ध्रुवाजवळचा कोन सगळा जादा. तो ९०° असेल, तर त्रिकोण पृथ्वीचा आठवा भाग व्यापतो. जादा कोन क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतो. त्या हिशेबाने लिंडबर्गचा त्रिकोण पृथ्वीच्या पृष्ठभागाचा सुमारे चाळिसावा भाग. शेताच्या तुकड्यात मात्र हा फरक इतका सूक्ष्म, की तिथे युक्लिडच खरा वाटतो.