आइस्क्रीम आणि फ्रोझन डेझर्ट

दूध, साखर व स्निग्धांश यांचे मिश्रण घुसळत, त्यात हवा भरत गोठवले की तयार होणाऱ्या दोन पदार्थांची ही कायदेशीर नावे आहेत. आइस्क्रीममधला स्निग्धांश दुधाचाच असावा लागतो. फ्रोझन डेझर्टमध्ये तो अंशतः किंवा पूर्णपणे वनस्पती तेलाचा असू शकतो. भारतात दोन्हींची मानके अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) २०११ च्या विनियमांत दिली आहेत. कुल्फी व सॉफ्टीला आइस्क्रीमचेच मानक लागू होते.

नुसत्या आकड्यांत पाहिले तर दोन्ही मानके सारखीच दिसतात. साध्या आइस्क्रीममध्ये वजनाच्या किमान १० टक्के दुधाचा स्निग्धांश, किमान ३.५ टक्के प्रथिने आणि एकूण किमान ३६ टक्के घनपदार्थ असावे लागतात. एका लिटरचे वजन ५२५ ग्रॅमपेक्षा कमी चालत नाही. फ्रोझन डेझर्टलाही हेच आकडे लागू आहेत, फक्त ‘दुधाचा स्निग्धांश’ या जागी ‘एकूण स्निग्धांश’ येतो. वापरलेल्या तेलाचा वितळणबिंदू ३७ अंश सेल्सिअसच्या वर नसावा, अशी एक अट आहे. हे शरीराचे तापमान असल्यामुळे त्याहून उशिरा वितळणारी चरबी टाळूला मेणचट थर धरते. दोन्ही पदार्थांचे ‘मीडियम फॅट’ व ‘लो फॅट’ असे कमी स्निग्धांशाचे प्रकारही आहेत. म्हणून आइस्क्रीम लिहिलेल्या प्रत्येक डब्यात १० टक्के स्निग्धांश असतोच असे नाही.

कारखान्यात एक किलो व्हॅनिला मिश्रण बनवायचे आहे असे धरू. त्यात १०० ग्रॅम स्निग्धांश, १०५ ग्रॅम दुधाचे स्निग्धांशविरहित घनपदार्थ, १५० ग्रॅम साखर आणि ५ ग्रॅम स्थिरीकारक व पायसीकारक घातले की ३६० ग्रॅम, म्हणजे बरोबर ३६ टक्के घनपदार्थ होतात. उरलेले ६४० ग्रॅम पाणी. महाराष्ट्रातल्या दूध संकलन केंद्रावर गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ या गुणप्रतीला धरून ठरतो. त्याच दुधाने हिशेब केला, तर १०५ ग्रॅम एसएनएफ सव्वा किलोच्या आसपास दुधातून मिळते. १०० ग्रॅम फॅटसाठी मात्र जवळजवळ २.८५ किलो दूध लागते. प्रत्यक्षात कोणी एवढे दूध आटवत बसत नाही. क्रीम किंवा लोणी आणि स्किम्ड दूध भुकटी घालून मेळ बसवतात. पण खर्चाचा भार कुठे आहे ते या हिशेबातून कळते. सर्वांत महाग पडते ते लोणी, आणि फ्रोझन डेझर्टमध्ये नेमके तेच काढून त्या जागी पाम, पाम कर्नल किंवा खोबरेल तेल घालतात. बाकीचे २६० ग्रॅम घनपदार्थ तसेच राहू शकतात.

वेष्टनावरचे ‘मिल्क सॉलिड्स’ हे शब्द म्हणूनच जपून वाचायला हवेत. दुधातले पाणी काढून उरते ते सगळे या नावाखाली येते: स्निग्धांश, प्रथिने, दुग्धशर्करा, क्षार. फ्रोझन डेझर्टच्या घटकयादीत मिल्क सॉलिड्स तेलाच्याही आधी असू शकतात, कारण यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लावतात आणि वरच्या उदाहरणात १०५ ग्रॅम हे १०० पेक्षा जास्तच आहेत. अशा वेळी ते घनपदार्थ बहुधा स्किम्ड दूध भुकटीचे असतात व त्यांत फॅट नावापुरते असते. त्या भुकटीत साधारण एक तृतीयांश प्रथिने आणि निम्म्याच्या आसपास दुग्धशर्करा असते. तिच्याऐवजी स्वस्त व्हे भुकटी वापरली तर प्रथिने जेमतेम १२ टक्क्यांच्या आसपास येतात आणि सत्तर टक्क्यांहून अधिक भाग दुग्धशर्करेचा असतो. दोन्ही दुधाचेच घनपदार्थ, पण त्यांचा दर्जा प्रथिनांच्या ओळीतच उघडा पडतो. दुग्धशर्करा फार झाली तर साठवणीत तिचे स्फटिक बनतात आणि आइस्क्रीम जिभेला वाळूसारखे कचकचते.

दुसरी गफलत होते ती मापाची. आइस्क्रीम विकत घेताना आपण मिलिलिटर पाहतो, आणि स्निग्धांशाची टक्केवारी मात्र वजनावर असते. गोठवताना भरलेल्या हवेला धंद्यात ‘ओव्हररन’ म्हणतात. मिश्रणाचे वजन लिटरला सुमारे १,१०० ग्रॅम असते. ते फुगून लिटरला ५२५ ग्रॅमवर आले, की डब्यातली निम्म्याहून अधिक जागा हवेची असते, आणि कायद्याला हे मान्य आहे. अशा ७०० मिलिलिटरच्या डब्यात जेमतेम ३६८ ग्रॅम माल भरतो. त्याची पोषणमाहिती १०० मिलिलिटरमागे दिली तर १० टक्क्यांच्या आइस्क्रीममध्ये फॅट ५.२५ ग्रॅम दिसेल आणि १०० ग्रॅममागे दिली तर १० ग्रॅम. दोन डबे तोलायचे तर आधी दोन्हींचे आकडे एकाच मापावर आणावे लागतात. डब्यावर मिलिलिटरसोबत ग्रॅमही छापले असतील तर हिशेब सोपा होतो.

पोषणतक्त्यातली एकूण फॅटची ओळ ते फॅट कुठून आले हे सांगत नाही. संपृक्त फॅटवरूनही नक्की ठरवता येत नाही. दुधाच्या फॅटमध्ये ते साधारण ६५ टक्के असते, पामतेलात निम्मे, तर खोबरेल व पाम कर्नल तेलात ८० टक्क्यांच्या वर. तेव्हा ‘वनस्पती तेल म्हणजे हलके’ हा दावा आणि ‘वनस्पती तेल म्हणजे अपायकारक’ ही भीती, दोन्ही या तक्त्यावर टिकत नाहीत. कोलेस्टेरॉलचा आकडा दिला असेल तर तो अधिक बोलका. १० टक्के दुग्धफॅटच्या आइस्क्रीममध्ये ते १०० ग्रॅममागे साधारण २५ ते ३० मिलिग्रॅम असते. केवळ वनस्पती तेल वापरलेल्या पदार्थात ते जवळजवळ नसतेच. सर्वांत खात्रीचे म्हणजे पदार्थाचे नाव आणि घटकयादी. फ्रोझन डेझर्टच्या वेष्टनावर त्यात दुधाचे फॅट, खाद्य वनस्पती तेल किंवा वनस्पती फॅट यांपैकी काय आहे हे जाहीर करावे लागते. ही घोषणा अनेकदा मागच्या बाजूला बारीक टाइपात असते. ‘व्हॅनिला’ मात्र पुढे मोठ्या अक्षरांत झळकते. ही मांडणी ग्राहकावर अन्याय करणारी आहे.

वितळण्याच्या वेगावरून पारख करण्याच्या घरगुती युक्त्या निरुपयोगी आहेत. तो वेग स्थिरीकारक, पायसीकारक आणि हवेवरही अवलंबून असतो, त्यामुळे अस्सल आइस्क्रीमही बराच वेळ आकार धरून राहू शकते. प्रयोगशाळा मात्र वेगळे काढलेले फॅट तपासते. दुधाच्या फॅटमध्ये ब्युटिरिक आम्ल असते, ते वनस्पती तेलांत नसते. तुपाच्या तपासणीत वापरले जाणारे आरएम मूल्य मुख्यतः त्यावरच उभे आहे. बीटा-सिटोस्टेरॉल हे वनस्पतीजन्य स्टेरॉल सापडले तर तेलाची भेसळ उघड होते.

फ्रोझन डेझर्ट ही भेसळ नव्हे, तो स्वतंत्र परवानाप्राप्त पदार्थ आहे. २०१७ मध्ये अमूलच्या जाहिरातींत फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती, म्हणजे डालडासारखे घट्ट केलेले तेल, असते असे सुचवले होते. त्याविरुद्ध हिंदुस्तान युनिलिव्हरने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि न्यायालयाने त्या जाहिरातींना मनाई केली. द्रव खाद्यतेल आणि हायड्रोजनीकृत वनस्पती तूप यांत फरक आहे, हा त्या वादाचा गाभा होता. भेसळ ठरते ती तेलाचा पदार्थ आइस्क्रीम म्हणून विकला तर.

हा धोका सुट्या विक्रीत जास्त असतो. पार्लरमधला स्कूप, लग्नातला काउंटर, मस्तानीवर घातलेला गोळा यांना ग्राहकासमोर वेष्टन नसते. मूळ डबा आत फ्रीजरमध्ये असतो, आणि तो दाखवा म्हणण्यात गैर काहीच नाही. दूध न पचणाऱ्यांनी तर तो पाहायलाच हवा, कारण तेलाच्या फ्रोझन डेझर्टमध्येही दूध भुकटी आणि तिच्यातली दुग्धशर्करा बहुधा असतेच.