उत्पन्नाच्या ठराविक टक्केवारीने बचत

उत्पन्नाच्या ठराविक टक्केवारीने बचत ही दरमहा उत्पन्नाचा निश्चित भाग बाजूला ठेवून ठरलेल्या मुदतीत उद्दिष्ट रक्कम उभारण्याची पद्धत आहे. प्रथम आवश्यक मासिक हप्ता काढून त्याचे उत्पन्नाशी प्रमाण ठरवले जाते.

P = S × i / ((1 + i)^n − 1)

येथे P हा महिनाअखेरीस भरायचा हप्ता, S उद्दिष्ट रक्कम, i मासिक व्याजदर आणि n महिन्यांची संख्या आहे.

== उदाहरण ==

मासिक उत्पन्न ४०,००० रुपये असून १० वर्षांत १० लाख रुपये हवे आहेत आणि वार्षिक ६ टक्के व्याज दरमहा चक्रवाढीने मिळते, असे मानल्यास हप्ता सुमारे ६,१०२ रुपये, म्हणजे उत्पन्नाच्या १५.३ टक्के येतो. उत्पन्न दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत असल्यास हप्ताही त्याच प्रमाणात वाढतो. त्यामुळे सुमारे १२.४ टक्के बचत पुरेशी ठरते. मात्र अपेक्षित वाढ न झाल्यास रक्कम अपुरी पडते.

== मर्यादा ==

महागाई दरवर्षी ५ टक्के राहिल्यास १० वर्षांनंतरच्या १० लाख रुपयांची क्रयशक्ती आजच्या सुमारे ६.१४ लाख रुपयांइतकीच उरते. म्हणून उद्दिष्ट भविष्यातील किमतीनुसार ठरवावे लागते. स्थिर हप्त्याच्या वरील उदाहरणात पाचव्या वर्षअखेरीस सुमारे ४.२६ लाख रुपये जमतात. शिल्लक त्याहून कमी असल्यास उर्वरित मुदतीसाठी टक्केवारी नव्याने काढावी लागते.