एक महिन्याची नोटीस आणि त्याआधीची दोन वर्षे

मागच्या व्याख्यानात आपण मराठवाड्यातल्या खाजगी शाळा कशा वाढल्या ते पाहिलं. आज त्याच शाळांमधला एक कागद आम्ही घेतो आहोत. कंपन्यांमध्ये त्याला हल्ली 'पीआयपी' म्हणतात, म्हणजे कामगिरी सुधारणा आराखडा. त्रुटी काय, मदत कोणती, तपासणी कधी आणि मुदत किती, हे त्यात लिहिलेलं असतं. पण जळकोटसारख्या ठिकाणी ही गोष्ट कंपनीतून आलेली नाही. इथं तिचा उगम शिक्षकाच्या परिविक्षेत आहे.

महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा, आणि त्याखालचे नियम १९८१ चे. कायद्याच्या पाचव्या कलमात दोन गोष्टी शेजारीशेजारी बसल्या आहेत. कायम जागेवर रीतसर नेमलेला शिक्षक दोन वर्षे परिविक्षेवर राहतो आणि ती पुरी झाली की कायम झाला असं मानलं जातं. पण त्या काळात त्याचं काम किंवा वागणूक समाधानकारक नाही असं संस्थेला वाटलं, तर एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार देऊन त्याला कमी करता येतं. (शिक्षणसेवकांसाठी हा काळ पुढे तीन वर्षांचा झाला.)

आता यातली मेख बघा. दोन वर्षे पुरी झाली की शिक्षक आपोआप कायम, म्हणून संस्थाचालकांचा निर्णय शेवटच्या महिन्यावर ढकलला जातो. तोपर्यंत सगळं ठीक चाललेलं असतं, निदान कागदावर तरी. मग एके दिवशी एका ओळीचं पत्र येतं: 'अध्यापन असमाधानकारक.'

हे टाळायला १९८१ च्या नियमांत पंधरावा नियम आहे. परिविक्षेवरील शिक्षकाच्या कामाचं मूल्यमापन मुख्याध्यापकांनी वस्तुनिष्ठपणे करावं आणि त्याची नोंद ठेवावी, असं तो सांगतो. म्हणजे त्रुटी आणि तपासणी या दोन गोष्टी नियमात आल्या. मदतीचा मात्र त्यात उल्लेख नाही.

ती उणीव काही अंशी भरून निघाली १९८९ साली, आणि तीही शाळेच्या खटल्यात नव्हे. डॉ. सुमती शेरे विरुद्ध भारत सरकार या खटल्यात तात्पुरत्या नेमणुकीवरील डॉक्टर बाईंना कामात कमी पडल्या म्हणून दूर केलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं विचारलं ते साधंच: त्यांना हे आधी सांगितलं होतं का? चूक नकळत होत असेल, कुवत नसल्यामुळे नव्हे, तर वेळेवर सांगितल्यानं माणूस सुधारू शकतो. न सांगता काढणं हा मनमानीपणा ठरतो. आमच्या मते या आराखड्याचा गाभा इथं आहे. २००८ साली पुण्याच्या एका शिक्षणसंस्थेच्या खटल्यात न्यायालयानं स्पष्ट केलं की नियम कलमावर मात करू शकत नाही, पण पंधराव्या नियमातल्या नोंदी संस्थेला विचारात घ्याव्याच लागतात.

आता जळकोटमधली एक शाळा डोळ्यांसमोर आणा. हे उदाहरण आमचंच, कल्पित. आठवीला गणित शिकवणारे गुरुजी जूनमध्ये रुजू झाले. सप्टेंबरमध्ये मुख्याध्यापकांनी त्यांचे तीन पाठ पाहिले. 'शिकवणं कच्चं' असं लिहिलं तर त्यातून गुरुजींना काहीच कळत नाही. त्याऐवजी त्यांनी लिहिलं, 'टाचण आहे, पण अपूर्णांकाची उजळणी न करता थेट बैजिक राशी सुरू केल्या. घटक चाचणीच्या वह्या तीन आठवडे तपासल्या नाहीत.' दोन्ही गोष्टी पुन्हा पाहता येतात. मदत म्हणून दर आठवड्याला ज्येष्ठ बाईंच्या एका तासाला बसायचं आणि पोषण आहाराच्या हिशेबाचं काम काही महिने दुसऱ्याकडे द्यायचं. हे दुसरं महत्त्वाचं, कारण वह्या राहण्याचं खरं कारण अनेकदा तिथंच सापडतं.

मुदतीत मात्र गोम आहे. जळकोट हा १९९९ साली झालेला तालुका, डोंगराळ बालाघाटातला. दिवाळीनंतर तांड्यांवरची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि पोरंही त्यांच्यासोबत. डिसेंबरमध्ये वर्गाचे गुण सहामाहीशी ताडून पाहिले तर तो आकडा गुरुजींविषयी काही सांगत नाही, कारण वर्गच बदललेला असतो. म्हणून तिथं पाठ पाहावा, टाचण आणि तपासलेल्या वह्या पाहाव्यात, आणि गुणांची तुलना दोन्ही वेळी हजर असलेल्या मुलांपुरतीच करावी. पहिली तपासणी ऑक्टोबरअखेर, दुसरी जानेवारीत, तिसरी पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये. प्रत्येक वेळी नोंदीवर दोघांची सही आणि गुरुजींना एक प्रत.

ती प्रत का, असं विचाराल. नोटीस मिळालेला शिक्षक ३० दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करतो, तेव्हा संस्थेला नोंदी दाखवाव्या लागतात. एकाच शाईनं, एकाच बैठकीत, वर्षभराच्या तारखा घालून लिहिलेलं रजिस्टर ओळखू येतं. शिक्षकाकडच्या प्रतीत वेळच्या वेळी घेतलेल्या पोचा असतात, तशा पोचा त्या रजिस्टरात नसतात.